मदत हवी आहे: जेके फ्लिप-फ्लॉपच्या सर्किटचं स्टेट टेबल काढलं, पण 10 या अवस्थेत येणारा बाणच सापडत नाही

पाचची_फास्ट

नमस्कार मंडळी. मी मुंबईत कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मंगळवारी प्रॅक्टिकलची परीक्षा आहे आणि एका सर्किटने तीन दिवस झोप उडवली आहे. किटवर सर्किट जोडूनच दिलेलं असतं. ते वाचून स्टेट टेबल आणि स्टेट डायग्राम काढायची, एवढंच काम.

दोन जेके फ्लिप-फ्लॉप आहेत, A आणि B. दोघांना एकच क्लॉक आहे, पुश बटणाचा. x हा साधा स्विच. वायरीमागे बोट फिरवत जे मिळालं ते असं:

```
JA = x·B
KA = B
JB = x
KB = A'
y  = A·x
```

KB ची वायर A च्या Q वरून नाही, खालच्या Q' वरून येते. पहिल्यांदा मी इथे चुकलो होतो, मग दुरुस्त केलं. त्यावरून काढलेलं टेबल:

```
AB    x=0   x=1
00    00    01
01    00    11
10    10    11
11    00    00
```

आता अडचण बघा. 10 मध्ये बाहेरून येणारा एकही बाण नाही, फक्त स्वतःवरचा फेरा आहे. आणि किटवर क्लिअर करून, x=1 ठेवून बटण दाबत गेलो तर दिवे असे लागतात: 01, 10, 11, 01, 10, 11. परत 00 येतच नाही! माझ्या टेबलप्रमाणे 01 नंतर 11 आणि मग 00 यायला हवं. वायरी दोनदा तपासल्या. मित्र म्हणतो किट खराब आहे. मला तसं वाटत नाही, कारण दर वेळी तेच दिसतं.

अजून एक गोष्ट. x=0 असताना 10 वर थांबलो होतो आणि एकदा बटण दाबल्यावर ते 11 वर गेलं. एकदाच. त्यानंतर जमलं नाही.

गणपती_स्पेशल

यासाठी एक्सायटेशन टेबल वापर. 0 वरून 1 ला जायचं तर J=1 आणि K काहीही, 1 वरून 0 ला जायचं तर K=1 आणि J काहीही. मग चारही के-मॅप मांड, J आणि K ची समीकरणं सुटसुटीत येतील. आमच्या वेळी हाच प्रश्न हमखास यायचा.

पाचची_फास्ट

काका, समीकरणं मिळालीच आहेत. सर्किट बनवायचं नाहीये, बनवलेलं वाचायचं आहे.

गणपती_स्पेशल

अरे हो, मी उलटीकडून वाचलं. तुझ्या कामाला मग एक्सायटेशन टेबल नको. J आणि K माहीत आहेत, पुढची अवस्था शोधायची आहे. राहू दे माझं.

ठोका_आणि_बघा

हा रेस अराउंडचा प्रकार आहे. 01 वर x=1 केलं की JA आणि KA दोन्ही 1 होतात, म्हणजे टॉगल. क्लॉक वर असेपर्यंत आउटपुट उलटसुलट होत राहतं आणि शेवटी काय राहील ते नशिबावर. म्हणून तुला 10 दिसतं. टेबल बरोबर आहे, किटमध्ये मास्टर-स्लेव्हवाला फ्लिप-फ्लॉप घाल.

सोल्डरवाली_ताई

टॉगल होतंय हे दादांनी बरोबर ओळखलं. पण रेस असती तर कधी 10, कधी 11, कधी भलतंच आलं असतं. हा मुलगा सांगतोय की दर वेळी तोच क्रम येतो. नशिबावर चालणारं सर्किट इतकं शिस्तीत वागत नाही.

पाचची फास्ट, तुझी समीकरणं मला पटली, पण टेबलात J आणि K चे रकाने कुठे आहेत? तू थेट पुढच्या अवस्थेवर उडी मारली आहेस. 01 आणि x=1 ची एकच ओळ डोक्यात जशी सोडवलीस तशी इथे लिही, एकही पायरी न गाळता. चूक तिथेच सापडेल असं मला वाटतं.

पाचची_फास्ट

लिहितो, ताई. A=0, B=1, x=1. JA = 1·1 = 1, KA = 1. दोन्ही 1 म्हणून A टॉगल, म्हणजे A झाला 1. आता B. JB = 1. KB = A' आणि A झाला 1, म्हणून KB = 0. J=1, K=0 म्हणजे सेट, B राहिला 1. म्हणून 11.

सोल्डरवाली_ताई

"आणि A झाला 1, म्हणून". हेच ते.

दोघांना क्लॉक एकच आहे ना? मग B ज्या क्षणी आपलं J आणि K बघतो, त्या क्षणी A अजून बदललेला नसतो. A चा नवा Q बाहेर यायला क्लॉकच्या कडेनंतर काही नॅनोसेकंद जातात, आणि तोवर B चा निर्णय झालेला असतो. तू कागदावर A आधी सोडवलास म्हणून सर्किटमध्ये तो आधी बदलत नाही. B आधी सोडवला असतास तर वेगळं टेबल आलं असतं. लिहिण्याचा क्रम बदलल्यावर उत्तर बदलतंय, म्हणजे पद्धत चुकते आहे.

त्या ओळीत जुना A=0 धर. KB = 1. JB = 1, KB = 1, म्हणजे B पण टॉगल, 1 चा 0. दोघेही उलटले, 01 चं 10 झालं. तुझे दिवे तेच सांगतायत.

चारही रकाने आधी सगळ्या आठ ओळींसाठी भर, फक्त डावीकडची तीन मूल्यं बघून. ते पूर्ण होईपर्यंत पुढच्या अवस्थेचा रकाना हाताने झाकून ठेव. मी शिकत असताना खरंच पट्टी ठेवायचे.

बोरिवली_स्लो

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या जर्नलमधल्या सर्किटला दुसऱ्या फ्लिप-फ्लॉपचा क्लॉक पहिल्याच्या Q वरून येतो. तिथे पहिला आधी बदलतो असं सर म्हणाले होते. मग ताई म्हणतात ते चूक की सर चूक?

सोल्डरवाली_ताई

दोघेही बरोबर. तुझं सर्किट रिपल काउंटर आहे. तिथे दुसऱ्याला क्लॉकची कड मिळतेच मुळी पहिला बदलल्यावर, आणि पहिला बदलला नाही किंवा उलट दिशेने बदलला तर दुसरा हलतच नाही. अशा सर्किटला वरचं टेबल सरळ लावू नकोस. म्हणून सर्किट हातात आलं की मी सर्वांत आधी क्लॉकच्या वायरी शोधते, J आणि K नंतर.

पाचची_फास्ट

आत्ता कळलं सवय कुठून लागली! आम्हाला याच्या आधीच्या प्रॅक्टिकलला रिपल काउंटर होता. हे घ्या, घाटकोपर ते ठाणे उभ्याने भरलं आहे:

```
A B x | JA KA | JB KB | A+ B+ | y
0 0 0 | 0  0  | 0  1  | 0  0  | 0
0 0 1 | 0  0  | 1  1  | 0  1  | 0
0 1 0 | 0  1  | 0  1  | 0  0  | 0
0 1 1 | 1  1  | 1  1  | 1  0  | 0
1 0 0 | 0  0  | 0  0  | 1  0  | 0
1 0 1 | 0  0  | 1  0  | 1  1  | 1
1 1 0 | 0  1  | 0  0  | 0  1  | 0
1 1 1 | 1  1  | 1  0  | 0  1  | 1
```

तीन ओळी बदलल्या: 01 ची x=1 वाली आणि 11 च्या दोन्ही. x=1 ला 01, 10, 11, 01 असंच फिरतंय, किटसारखं. डायग्राममध्ये y वर्तुळात लिहू की बाणावर?

गणपती_स्पेशल

यावेळी प्रश्न नीट वाचला! टेबल पडताळायला मी समीकरणाने जातो. जेके साठी पुढचा Q म्हणजे `J·Q' + K'·Q`. तुझ्या J, K घातल्यावर:

```
A+ = A'·B·x + A·B'
B+ = x·B' + A·B
```

आठही ओळी जुळतात. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की मी पेन खाली ठेवतो.

सोल्डरवाली_ताई

y बाणावर. 10 वर उभा राहा, बटणाला हात लावू नकोस, नुसता x वर कर. y चा दिवा लगेच लागेल, कारण `y = A·x` मध्ये x थेट आहे. एकाच वर्तुळात y कधी 0 कधी 1 असेल तर वर्तुळात काय लिहिणार? म्हणून 10 वरून 11 ला जाणाऱ्या बाणावर 1/1. 11 वरून दोन्ही वेळा 01 लाच जातं, तेव्हा बाण एकच काढ आणि त्यावर 0/0 आणि 1/1 अशी दोन्ही लेबलं दे. विद्यार्थी तिथे एक लेबल विसरतात आणि मार्क जातो. प्रत्येक वर्तुळातून x=0 आणि x=1 दोन्ही निघाले का, एवढं मोजून घे.

आता तुझी ती दुसरी तक्रार, मला तीच जास्त खटकते आहे.

ठोका_आणि_बघा

रेसबद्दल माझं चुकलं, मान्य. पण ते 10 चं 11 होणं तरी बटणाचं बाउन्स आहे. एका दाबात दोन-तीन पल्स जातात.

सोल्डरवाली_ताई

बाउन्सने इतर ठिकाणी अवस्था गाळल्या जातील, खरं आहे. पण 10, x=0 ची ओळ बघा: चारही 0. तिथे शंभर पल्स गेले तरी 10 च राहणार. तेव्हा JB ला कुठल्यातरी क्षणी 1 मिळालाच असला पाहिजे.

मला दोन संशय आहेत. एक, JB ची वायर सैल आहे. टीटीएलमध्ये उघडं पडलेलं इनपुट 1 सारखं वागतं. दुसरा संशय असा, की चिप जुन्या पद्धतीची साधी 7476 असेल, मध्ये एलएस नसलेली. तिच्यात क्लॉक वर असताना J क्षणभर जरी 1 झाला तरी मास्टर तो पकडून ठेवतो आणि क्लॉक खाली आला की बाहेर देतो. बटण दाबून धरलेलं असताना तू x चा स्विच वरून खाली केला होतास का? एलएसवाली फक्त पडत्या कडेला बघते, तिच्यात हे होत नाही.

पाचची_फास्ट

आठवत नाही, ताई. घाईत केलं असेन. चिपवर 7476 एवढंच वाचता येतं, पुढचं-मागचं पुसलंय.

ठोका_आणि_बघा

लॅमिंग्टन रोडवरून एलएसवाली आणून बदलून टाक, कटकट मिटेल.

सोल्डरवाली_ताई

कॉलेजचं किट आहे, त्यातली चिप तो कशी बदलेल? त्यापेक्षा y कडे बघ. x ची वायर स्विचपाशीच सुटली असेल तर 10 वर y पण लागेल. फक्त JB पाशी सैल असेल तर y विझलेलाच राहील. आणि पकडण्याचा प्रकार तपासायचा तर 10 वर जा, x=0, बटण दाबून धर, x एकदा वर-खाली कर, मग बटण सोड.

पाचची_फास्ट

लॅब आता थेट मंगळवारी सकाळी उघडेल. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मिळाली तर हे करून बघतो, आणि y लागला की नाही ते इथे लिहितो.