सपोर्टमधून अ‍ॅनालिस्ट: आधी सर्टिफिकेट की आधी काम?

सागर, छत्रपती संभाजीनगर: वाळूजच्या कारखान्यांना ईआरपी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीत चार वर्षं सपोर्टला आहे. बिझनेस अ‍ॅनालिस्ट, म्हणजे बीए, व्हायचंय. सर्टिफिकेशन करू का? सुरुवातीची ईसीबीए की थेट वरची सीबीएपी?

मंगेश, नांदेड: थेट सीबीएपी ठोक. साडेसात हजार तास मागतात, तुझे चार वर्षांत आठ हजार झाले. खालच्या पायरीला कोण विचारतंय?

वैशाली, जालना: मंगेश, तास बरोबर मोजलेस, पण भलत्याच कामाचे. या परीक्षा घेणाऱ्या आयआयबीएला 7500 तास अ‍ॅनालिसिसच्या कामाचे लागतात. पासवर्ड बदलून दिला, अडकलेलं बिल सोडवलं, ते त्यात धरत नाहीत. मधल्या सीसीबीएलाही 3750 लागतात. अनुभवाशिवाय होते ती ईसीबीएच.

पण सागर, आधी तुझी तक्रारींची तिकिटं उघड. मीही सपोर्टलाच होते. "माल आला, जीआरएन होत नाही", म्हणजे माल मिळाल्याची नोंद होत नाही, हे तिकीट रोजचं. ऑर्डर 500 बोल्टची, आले 508, सिस्टिम अडायची. आम्ही मागून ऑर्डरच 508 करायचो आणि तिकीट बंद! एकदा स्टोअरकीपरशेजारी जाऊन बसले, तेव्हा कळलं की पुरवठादार बोल्ट वजनावर भरतो, मोजत नाही. मग किती जास्त चालेल ते विचारलं. खरेदीवाले म्हणाले 5 टक्के, अकाउंट्सवाले 1. दोन आठवडे नुसती ओढाताण, शेवटी 2 वर आले. मी एका पानावर लिहिलं: 510 पर्यंत जीआरएन व्हावी, 511 ला खरेदी अधिकाऱ्याच्या मंजुरीसाठी थांबावी. टेस्टरला हेच दोन आकडे हवे होते.

चुकले कुठे, तर माल कमी आला तर काय, हे लिहिलंच नाही. तिसऱ्याच दिवशी 490 आले आणि उरलेल्या 10 साठी ऑर्डर उघडीच राहिली. मुलाखतीत ती चूकही सांगितली. त्यांनी सगळ्यात जास्त प्रश्न तिच्यावरच विचारले.

दत्ताकाका, परभणी: बीए करायचं तर मुक्त विद्यापीठ बरं. आमच्या पुतण्यानं नोकरी करत केलं.

सागर: काका, ते बीए वेगळं हो.

इरफान, लातूर: वैशालीताई, तुमचं पान मुलाखतीपर्यंत पोचलं तर ना! माझे अर्ज बाहेरूनच परत यायचे. ईसीबीए झाल्यावर फोन यायला लागले. आता खरं सांगतो, पहिल्या मुलाखतीत "एखादी रिक्वायरमेंट कशी काढली ते सांगा" म्हणाले, तर मी आयआयबीएच्या बॅबॉक पुस्तकाचे सहा विभाग म्हणत बसलो. घरी पाठवलं. तरी म्हणतो, दार त्या कागदानंच उघडलं.

वैशाली: बाहेर अर्ज करायचा तर इरफानचं मान्य. आतल्या आत बदली हवी असेल तर आधी पान लिही, परीक्षेची फी मग कंपनीकडेच माग.

सागर: अडचण तिथंच आहे ताई. साहेब ग्राहकाकडे जाऊच देत नाहीत, "फोनवर विचार" म्हणतात. फोनवर पेटीतले बोल्ट दिसतात का?

मंगेश: व्हिडिओ कॉल लाव की.

वैशाली: स्टोअरकीपरला दोन्ही हात लागतात रे, मोबाईल धरणार कोण?