‘विस्थापित पाणी’ म्हणजे नेमके कोणते पाणी?

तळटीप
अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या एका प्रयोगपत्रिकेचा अनुवाद मी करत आहे. प्रयोग ओळखीचाच आहे. बादलीत पाणी घ्यायचे, मातीचा गोळा त्यात सोडायचा, तो बुडाला की बाहेर काढून त्याच मातीची होडी करायची आणि तरंगणाऱ्या होडीत ती बुडेपर्यंत एकेक नाणे ठेवत जायचे. शेवटच्या वाक्याचा मी असा अनुवाद केला होता: ‘होडी स्वतःच्या आणि नाण्यांच्या एकूण वजनाइतके पाणी विस्थापित करू शकते, तोवर ती तरंगते.’ मसुदा वर्गात वाचून पाहणाऱ्या शिक्षिकांनी कळवले की मुलांनी लगेच विचारले, “विस्थापित झालेले पाणी गेले कुठे? बादलीबाहेर तर थेंबही आला नाही.” एका सहकाऱ्याने ‘सांडलेले पाणी’ असे सुचवले आहे, तर दुसऱ्याने ‘बाजूला सारलेले’. तुम्ही कोणता शब्द घ्याल?

शब्दवेडी
‘विस्थापित’ मी घेणार नाही. हा शब्द मुलांनी ऐकलेला असतो तो धरणामुळे गाव सोडावे लागलेल्या माणसांच्या संदर्भात. शिवाय गतीच्या पाठात ‘विस्थापन’ म्हणजे आरंभबिंदूपासून अंतिम बिंदूपर्यंतचे सरळ रेषेतील अंतर, म्हणजे एकाच पाठ्यपुस्तकात त्याच शब्दाचा तिसराच अर्थ. मराठीला सारणे, लोटणे, रेटणे, हटवणे अशी एवढी क्रियापदे असताना ‘वि’ आणि ‘स्थापित’ यांची जोडणी कशासाठी हवी? ‘बाजूला सारलेले पाणी’ स्वच्छ आहे. जाता जाता, ‘बुडणे’ हे क्रियापद ‘बूड’ या शब्दावरूनच आले असावे असे मला नेहमी वाटते. जे बुडाशी जाते ते बुडते.

सरळसोट
मला ‘सांडलेले’ हा शब्द सर्वांत योग्य वाटतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. बादली काठोकाठ भरावी, वस्तू आत सोडावी, सांडलेले पाणी खालच्या परातीत धरावे आणि तोलावे. ते वस्तूच्या वजनाइतके भरते आणि तिथे तत्त्व सिद्ध होते. मुकुटाच्या कथेत आर्किमिडीज टबात उतरला तेव्हाही पाणी सांडलेच होते. मग साध्या शब्दाला बिचकण्याचे कारण काय?

बूड आणि बुडणे यांचे नाते मात्र मला पटत नाही. काही बोलींत ‘डुबणे’ही म्हणतात, तिथे बूड कुठे राहिले?

प्रयोगवही
सरळसोट यांचे म्हणणे तरंगणाऱ्या वस्तूला लागू पडते, बुडणाऱ्या वस्तूला नाही, आणि या प्रयोगाचे सारे मर्म त्या फरकातच आहे. समजा, माती 90 ग्रॅम आहे आणि तिचे आकारमान 50 घन सेंटिमीटर आहे. खेळण्याची तेलकट माती साधारण अशीच भरते. गोळा तळाशी गेला की तो फक्त स्वतःच्या आकारमानाची, म्हणजे 50 मिलिलिटर पाण्याची जागा व्यापतो. त्या पाण्याचे वजन 50 ग्रॅम, तेव्हा पाणी त्याला 50 ग्रॅमचाच आधार देते आणि उरलेले 40 ग्रॅम बादलीच्या तळावर टेकतात. गोळा दोऱ्याने ताणकाट्याला टांगून पाण्यात सोडला, तर काटा 90 वरून 40 वर येतो. त्याच मातीची होडी केली की ती 90 मिलिलिटरची जागा व्यापेपर्यंत खाली जाते आणि तिथे थांबते. वजन तेच, माती तीच, पण होडीने व्यापलेली पाण्यातली जागा गोळ्याच्या जवळजवळ दुप्पट. ‘बुडलेली वस्तू जास्त पाणी सारत असेल’ असा मुलांचाच नव्हे, मोठ्यांचाही समज असतो आणि तो इथे उलटा पडतो.

आता सांडण्याविषयी. 26 सेंटिमीटर तोंडाच्या बादलीत पाण्याची पातळी एक मिलिमीटरने वाढली, तरी ते पाणी सुमारे 53 मिलिलिटर होते. काठोकाठ भरलेल्या बादलीत पाणी काठाच्याही वर एक-दोन मिलिमीटर फुगून राहू शकते, म्हणून गोळा हळू सोडला तर संपूर्ण 50 मिलिलिटर त्या फुगवट्यातच सामावतात आणि परात कोरडी राहते. उलट हात हलला, तर एकदम शंभर-सव्वाशे मिलिलिटर ओघळतात. परातीत येणारा आकडा दर वेळी वेगळा आला, तर चूक तत्त्वाची नसून काठाची आहे हे ओळखावे. तोलायचेच असेल, तर बाजूला खाली झुकलेली तोटी असलेले अरुंद भांडे घ्यावे, तोटीतून पाणी ठिबकणे पूर्ण थांबू द्यावे आणि मगच वस्तू सोडावी.

आजीची वही
मी हा प्रयोग नातवासोबत केला आणि आमची होडी नाण्यांविनाच बुडाली. कुंडीसाठी आणलेली चिकणमाती मळून सुबक होडी केली होती. काही मिनिटांत कडा मऊ पडून बसल्या, पाणी गढूळ झाले आणि तळाला भेग गेली. तेव्हा तळटीप यांना माझे सांगणे असे की ‘विस्थापित’ राहू द्या, आधी ‘माती’ हा शब्द दुरुस्त करा. मराठीत माती म्हटले की घरात जी असेल ती माती घेतली जाते. नंतर तेलकट रंगीत माती आणली, तेव्हा होडी तरंगली, पण मोजकी नाणी ठेवताच कलंडली. मुलांच्या दुकानात तिला काही जण ‘क्ले’च म्हणतात, मग तोच शब्द का लिहू नये?

शब्दवेडी
आजी, ‘क्ले’ लिहिले तर कुंभाराची मातीही क्लेच ठरते. घोटाळा तसाच राहील. ‘पाण्यात न विरघळणारी खेळाची माती’ असे लिहावे.

प्रयोगवही
‘न विरघळणारी’ऐवजी ‘पाण्यात न भिजणारी’ म्हणावे, कारण चिकणमाती विरघळत नाही, तिचे कण पाण्याने सुटे होतात. आजींची ही सूचना मसुद्यात घ्यायलाच हवी.

होडी कलंडण्याचे कारण शब्दचर्चेच्याही कामाचे आहे. त्याच 90 ग्रॅम मातीची 10 सेंटिमीटर लांब, 8 सेंटिमीटर रुंद आणि 3 सेंटिमीटर उंच काठाची होडी केली, तर भिंतींची जाडी पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास येते. काठापर्यंत बुडाली की ती 240 मिलिलिटर जागा व्यापते. म्हणजे एकूण 240 ग्रॅम, त्यांतून मातीचे 90 वजा जाता 150 ग्रॅम नाणी, पाच-पाच ग्रॅमची तीस. ही कमाल मर्यादा फक्त होडी समतल राहिली तरच गाठता येते. नाणी एका बाजूला साचली की तो काठ आधी पाण्याखाली जातो, पाणी आत शिरते आणि होडी निम्म्या भारावरही बुडते. तिची आणखी पाणी सारण्याची ताकद शिल्लक असतानाच ती बुडालेली असते. म्हणून मूळ वाक्यातले ‘तोवर ती तरंगते’ हे जरा अपुरे आहे. काठ पाण्यावर आहे, ही अट त्यात यायला हवी. नाणी मधून सुरू करून कोपऱ्यांकडे आलटून पालटून ठेवावीत.

तळटीप
या दोन्ही दुरुस्त्या करते. पण माझे वाक्य अजून अडलेलेच आहे. ‘सांडलेले’ बाद झाले असे दिसते. ‘बाजूला सारलेले’ चालेल ना? पाणी सांडले नाही तरी पातळी वाढते, म्हणजे ते बाजूला आणि वर सरते.

प्रयोगवही
‘सारलेले’ बहुतेक वेळा चालेल, पण त्याच्यातही एक खोच आहे. 70 मिलिमीटर व्यासाचा सरळ भिंतीचा पेला 76 मिलिमीटर व्यासाच्या पेल्यात ठेवा. बाहेरच्या पेल्यात फक्त 65 मिलिलिटर पाणी असू द्या. आतल्या पेल्यात नाणी घालून त्याचे एकूण वजन सुमारे 300 ग्रॅम करा. पाणी दोन भिंतींमधल्या फटीत चढते आणि आतला पेला तळापासून उचलला जातो. तो भिंतीला टेकू पाहतो, म्हणून नाणी तळाशी नीट पसरावी लागतात आणि पेला बोटाने हलकेच सरळ करावा लागतो, पण तो तरंगतो. त्याने ‘सारलेले’ पाणी हिशेबाप्रमाणे 300 मिलिलिटर, आणि भांड्यात पाणी होते अवघे 65. जे पाणी तिथे कधी नव्हतेच, ते सारले कसे म्हणायचे?

‘तरंगणाऱ्या वस्तूंविषयी’ या आर्किमिडीजच्या ग्रंथातली मांडणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिथे सांडण्याची किंवा सारण्याची भाषा नाही. पाण्यापेक्षा हलकी वस्तू इतकी आत शिरते की बुडलेल्या भागाच्या आकारमानाएवढ्या द्रवाचे वजन संपूर्ण वस्तूच्या वजनाइतके होते, असा त्या विधानाचा आशय आहे. टबाची कथा त्याच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी व्हिट्रुव्हियसने लिहिली.

सरळसोट
पेल्याचे उदाहरण पटले, पण त्यावरून रोजचा शब्द टाकून देणे मला मान्य नाही. सूर्य उगवतो असे आपण म्हणतोच, आणि त्याने कोणाचे खगोलशास्त्र बिघडलेले नाही. मुलांना आधी सांडलेले पाणी दाखवा, सूक्ष्म भेद पुढच्या इयत्तेत येतील. आणि ‘विस्थापित’ टाकायचा असेल, तर तीच मुले पुढच्या वर्षी पाठ्यपुस्तकात काय वाचणार आहेत, याचाही विचार व्हावा. तिथे तोच शब्द त्यांची वाट पाहत आहे.

शब्दवेडी
पाठ्यपुस्तकात आहे म्हणून शब्द शुद्ध ठरत नाही. द्रव आणि वायू या दोन्हींसाठी मिळून घडवलेल्या ‘द्रायू’चे आपण काय केले? परीक्षेपुरता लिहिला आणि विसरलो. मी ‘बुडलेल्या भागाएवढे पाणी’ असे सुचवते. यात कोणी कोणाला सारत नाही आणि काही सांडतही नाही.

तळटीप
‘बुडलेल्या भागाएवढे पाणी’ मला आवडले, पण पत्रिकेतल्या शेवटच्या प्रश्नाला ते पेलेल का, अशी शंका आहे. प्रश्न असा: तरंगत्या होडीतली नाणी काढून बादलीतल्या पाण्यात टाकली, तर पातळी वाढेल, उतरेल की तशीच राहील? इथे होडीचा बुडलेला भाग कमी होतो आणि नाण्यांचा नव्याने वाढतो.

प्रयोगवही
पेलेल. वीस पोलादी नाणी, 100 ग्रॅम धरू. ती होडीत असताना होडी आणि नाणी मिळून 190 मिलिलिटर जागा व्यापतात. नाणी तळाशी गेल्यावर होडी 90 आणि नाणी जेमतेम 13, एकूण 103. म्हणजे पातळी उतरते. पण तुमच्या पत्रिकेतल्या बादलीत ही उतरण दीड मिलिमीटरच्या आसपास आहे आणि हलत्या पाण्यात ती कोणालाही दिसणार नाही. मुले ‘पातळी तशीच राहिली’ असे लिहितील आणि ते त्यांचे प्रामाणिक निरीक्षण असेल. 14 सेंटिमीटर व्यासाचे पारदर्शक, सरळ भिंतीचे भांडे घेतले, तर साधारण साडेपाच मिलिमीटर उतरण मिळते. भांड्याला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून आधीची पातळी पेन्सिलीने आखून ठेवावी.

आजीची वही
मग ‘बादली’ हा शब्दही बदलावा लागेल.

सरळसोट
बादली राहू द्या, होडी तरंगवायला ती उत्तम आहे. पातळीच्या प्रश्नाला तेवढे वेगळे भांडे सांगा. आणि ‘बुडलेल्या भागाएवढे’ यात ‘एवढे’ म्हणजे आकारमान की वजन, हे मुलांना कसे कळणार? बुडलेला भाग मातीचा आहे, त्याचे वजन वेगळे आणि तेवढ्याच पाण्याचे वेगळे. ‘सांडलेले’मध्ये निदान तोलायला काहीतरी हातात येत होते.

शब्दवेडी
तर ‘बुडलेल्या भागाच्या जागेत मावेल एवढे पाणी’ असे लिहावे. त्यात होडीच्या पोकळीचाही समावेश होतो, जो ‘मातीचा भाग’ म्हटल्यावर निसटतो.

तळटीप
हे वाक्य अर्थाला धरून आहे, पण पत्रिकेतल्या चौकटीत ते एका ओळीत बसत नाही. तूर्त ते आणि कंसात ‘विस्थापित पाणी’ असे दोन्ही ठेवून मसुदा पुन्हा त्या शिक्षिकांकडे पाठवते.