पुनर्मूल्यांकन राखीव निधी आणि लाभांश

‘राखीव निधी एकदम १० कोटींनी वाढला, मग लाभांश का नाही?’

समजा, कंपनीच्या हिशेबाच्या पुस्तकात २ कोटींना असलेली जमीन मूल्यांककाने १२ कोटींची ठरवली, तर कराचा भाग वगळता मालमत्ता आणि पुनर्मूल्यांकन राखीव निधी दोन्ही १० कोटींनी वाढतात. बँक खात्यात मात्र एक छदामही येत नाही. म्हणूनच कंपनी कायदा, २०१३ या निधीतून लाभांश किंवा बोनस शेअर देऊ देत नाही आणि नेटवर्थमध्येही तो धरत नाही. त्यामुळे कर्ज-भांडवल गुणोत्तर अचानक सुधारलेले दिसले, तर आधी हा निधी वजा करून पाहावा. इमारतीच्या बाबतीत तर वाढीव मूल्यावर घसारा आकारला जात असल्याने पुढील वर्षांचा नफा उलट घटतो, जे भागधारकांच्या सहसा लक्षात येत नाही.