शब्दचर्चा: मॉडेल 'रीसेट चाचणीत उत्तीर्ण' होतं म्हणजे काय?

रेवती
पगार आणि अनुभव या विषयावरच्या एका प्रबंधाची भाषा तपासते आहे. त्यात असं वाक्य आहे: "मॉडेल रीसेट चाचणीत उत्तीर्ण झाल्याने अनुभवाचे रेषीय पद योग्य असल्याचे सिद्ध झाले; वर्गपदाची गरज नाही." 'उत्तीर्ण' चालेल का? आणि फंक्शनल फॉर्म मिसस्पेसिफिकेशनला लेखकाने 'फलनरूपाची चूक' म्हटलंय, ते तसंच ठेवू?

गोट्या
रीसेट म्हणजे पुन्हा पहिल्यापासून मांडणं. 'पुनर्मांडणी चाचणी' लिहा की सरळ.

मिलिंद
गोट्या, ती आद्याक्षरं आहेत: रिग्रेशन इक्वेशन स्पेसिफिकेशन एरर टेस्ट, म्हणजे समीकरणाचा आकार चुकीचा निवडलाय का ते बघणारी चाचणी. जेम्स रॅमसे यांनी 1969 मध्ये मांडली. पुन्हा काही मांडायचं नसतं, त्यामुळे 'रीसेट'च राहू द्या.

रेवती, 'उत्तीर्ण'पेक्षा 'सिद्ध झाले' जास्त घातक आहे. पण आधी सांगा, समीकरणात अनुभवाशिवाय आणखी काय आहे? उत्तर त्यावर ठरेल.

रेवती
पगाराचा लॉग घेतलाय. उजवीकडे शिक्षणाची वर्षं आणि अनुभवाची वर्षं, एवढंच.

अनिकेत
मग लेखकाचं बरोबर आहे. रीसेटचं पी-मूल्य 0.05 च्या वर आलं की मॉडेलचा आकार ठीक. शिवाय काही सुटलेलं नाही हेही कळतं. स्टेटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरात `estat ovtest` दिलं की पडद्यावर स्पष्ट `omitted variables` असं येतं.

मिलिंद
अनिकेत, आकार ठीक या तुझ्या पहिल्या भागाकडे पुढे येतो, तोही तसा नाही. दुसऱ्या भागात त्या आज्ञेच्या नावाने पुष्कळांना फसवलंय. तिथे 'सुटलेली' म्हणजे समीकरणाने काढलेल्या अंदाजित मूल्यांचे वर्ग, घन वगैरे. माणसाची मूळ हुशारी मॉडेलबाहेर राहिली आणि तिचं शिक्षणाशी व अनुभवाशी सरासरी नातं सरळ रेषेतलं असेल, तर रीसेटला तिचा पत्ताही लागत नाही. शिक्षणाचा गुणक मात्र तेवढाच बिघडलेला राहतो.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेतल्या करंट पॉप्युलेशन सर्व्हेच्या 1976 च्या माहितीतला `wage1` नावाचा 526 जणांचा नमुना वर्गात नेहमी वापरतात. त्यावर रेषीय समीकरण असं येतं:

```
log(wage) = 0.217 + 0.098 educ + 0.0103 exper
```

रीसेट काय करते? प्रत्येक माणसासाठी उजव्या बाजूची किंमत काढते, तिचा वर्ग (बहुधा घनही) समीकरणात घालते आणि या नव्या पदांनी काही भर पडली का ते एफ चाचणीने बघते. हा वर्ग उलगडून पाहा. educ² ला वजन मिळतं 0.0096, गुणाकाराच्या पदाला 0.0020 आणि exper² ला जेमतेम 0.0001. अनुभवाची वर्षं शिक्षणापेक्षा जास्त पसरलेली असतात, म्हणून फरक या आकड्यांइतका टोकाचा नाही. तरीही अंदाजित मूल्य मुख्यतः शिक्षणावरच हलतं. म्हणजे तुमचा प्रश्न अनुभवाच्या वक्रतेचा, आणि चाचणी बघते ठरावीक प्रमाणात कालवलेलं मिश्रण, ज्यात अनुभवाचा वाटा छोटा.

रेवती
थांबा. समीकरणात फक्त अनुभव असता तर?

मिलिंद
चांगला प्रश्न. तेव्हा अंदाजित मूल्याच्या वर्गात नवं असं एकच पद, exper². मग वर्गापुरती रीसेट आणि वर्गपदाची टी चाचणी यांत काडीचाही फरक नाही. शिक्षण आलं की दोघींच्या वाटा वेगळ्या होतात.

आणि खरी गोम पुढे आहे. वर्गपद घातलं की तोच नमुना असं सांगतो:

```
log(wage) = 0.128 + 0.0904 educ + 0.0410 exper - 0.000714 exper²
```

वर्गपदाची प्रमाण त्रुटी 0.000116, म्हणजे टी सहाच्या वर (खूण उणे). आर-वर्ग 0.249 वरून 0.300. आता अर्थ बघा. पहिल्या वर्षाच्या आसपास एक वर्ष वाढलं तर पगार सुमारे 4 टक्के वाढतो, विसाव्या वर्षी सव्वा टक्का, आणि 28.7 वर्षांनी वाढ थांबते. रेषीय समीकरण मात्र सगळ्यांना वर्षाला 1 टक्का सांगतं. चढ आणि उतार एकमेकांना खातात, म्हणून तो 0.0103 इतका बारीक. तोच बारीक आकडा वर्ग होऊन रीसेटमध्ये जातो! वक्र पूर्ण सममित असता तर गुणक शून्यावर आला असता आणि अनुभव अंदाजित मूल्यातून गायबच झाला असता. चढ आणि उतार जितके एकमेकांना खातात, तितकी रीसेट अनुभवाच्या बाकाला आंधळी, अशी ही अवघड जागा आहे.

शुभा
हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. माझ्याकडे एकाच प्रकारच्या कामातल्या 64 जणांची माहिती आहे, रीसेटचा पी 0.41 आला आणि मी वर्गपद टाकलं नाही. सगळं पुन्हा करू का?

मिलिंद
त्यांचा अनुभव किती वर्षांचा?

शुभा
बहुतेकांचा दहाच्या आत. दोघं-तिघंच वर.

मिलिंद
मग घाबरू नका. वक्राचा तेवढा तुकडा जवळजवळ सरळच दिसतो. फक्त 'या पल्ल्यात' असं लिहा. आणि 64 जणांत पी 0.41 म्हणजे चाचणीला दिसलं नाही, एवढंच. थेट वर्गपद घालून त्याचा टी आणि विश्वास-अंतराल बघा. आर ही संगणकभाषा वापरत असाल तर:

```
lin  <- lm(log(wage) ~ educ + exper, data = d)
quad <- lm(log(wage) ~ educ + exper + I(exper^2), data = d)
resettest(lin, power = 2:3, type = "fitted")
anova(lin, quad)
resettest(quad, power = 2:3, type = "fitted")
```

`resettest` साठी आधी `library(lmtest)` देऊन `lmtest` पॅकेज उघडावं लागेल. चौथी ओळ तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. पाचवी सांगते की वर्गपदानंतरही काही उरलंय का. पगारांचा विखुरलेपणा शिक्षणाबरोबर वाढत असेल तर साधी एफ विश्वासार्ह नाही, तिथे रोबस्ट प्रमाण त्रुटी घ्या.

अनिकेत
आणि पाचव्या ओळीनेही नाकारलं तर? घन घालायचा?

मिलिंद
कदाचित. मर्फी आणि वेल्च यांनी 1990 मध्ये दाखवलं की वर्गपदावर थांबलं तर कारकिर्दीच्या सुरुवातीची वाढ कमी दिसते. त्यांनी चौथ्या घातापर्यंत जायचं सुचवलं. पण नकार शिक्षणाच्या वक्रतेमुळेही असू शकतो, किंवा शिक्षण आणि अनुभव यांच्या गुणाकारामुळे. रीसेट बोट दाखवत नाही, नुसती कुरकुर करते.

शुभा
उतार खरा असतो का, हे मला अजून पटलेलं नाही. पुष्कळ ठिकाणी अनुभव मोजतच नाहीत, वयातून शिक्षणाची वर्षं आणि आणखी 6 वजा करतात. शिवाय एकाच वर्षाची माहिती असली की 35 वर्षं अनुभव असलेली माणसं वेगळ्याच पिढीतली. 28.7 नंतर पगार घटतो की जुनी पिढीच कमी पगारावर लागली होती?

मिलिंद
एका वर्षाच्या माहितीतून ते वेगळं काढता येत नाही, आणि रीसेट तर मुळीच काढणार नाही.

अनिकेत
बरं, मग शब्द कुठला? मला 'चाचणीने हरकत घेतली नाही' आवडतं.

मिलिंद
प्रबंधाला जरा बोलीतलं वाटेल. 'रेषीय रूप नाकारता आले नाही' लिहा. आणि 'फलनरूपाची चूक'ऐवजी 'फलनरूपाची चुकीची निवड' बरं. नाहीतर हिशेबातली चूक वाटते.

गोट्या
मला अजूनही पुनर्मांडणीच आवडतंय.

रेवती
'नाकारता आले नाही' घेते. 'वर्गपदाची गरज नाही' हा तुकडा मात्र मी भाषेपुरता दुरुस्त करू शकत नाही, तो खोडावाच लागेल किंवा त्याला आधार हवा. लेखकाला विचारते: वर्गपद घालून त्याचा टी किती आला, आणि नमुन्यातला सगळ्यात जास्त अनुभव किती वर्षांचा.