पीएम-किसानचं इंग्रजी परिपत्रक ग्रामसभेत पाच ओळींत सांगावं का?

रानवाट

येत्या ग्रामसभेत पीएम-किसानचा विषय आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना इंग्रजीत आहेत, पानं बरीच. सरपंचांनी मला मराठीत थोडक्यात लिहून द्यायला सांगितलंय. मी लिहिलेला मसुदा असा:

"शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत. जमीन दोन हेक्टरपर्यंत हवी. १ फेब्रुवारी २०१९ ला ती नावावर हवी. घरात कोणी सरकारी नोकर, पेन्शनर, आयकर भरणारा, डॉक्टर, इंजिनिअर किंवा वकील असेल तर लाभ नाही. सर्वांनी ई-केवायसी करून घ्यावी."

ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, सारांश नकोच, शब्दशः भाषांतर वाचू. मला वाटतं तसं केलं तर दुसऱ्या पानाला सभा उठेल. तुमचं मत काय?

टिपण

शब्दशः वाचायला माझाही विरोध आहे, पण या पाच ओळींना त्याहून जास्त. शब्दशः वाचलं तर लोकांना काहीच कळणार नाही. हे वाचलं तर चुकीचं कळेल, आणि ज्यांचा हक्क आहे तेच अर्ज करणार नाहीत.

आधी हातातला कागद तपासा. दोन हेक्टरची अट दिसते आहे, म्हणजे तुमच्याकडे योजना सुरू झाली तेव्हाच्या सूचना आहेत. ती अट केंद्राने २०१९ मध्येच काढली आणि योजना सगळ्या जमीनधारक शेतकरी कुटुंबांना लागू केली. अडीच हेक्टरवाला शेतकरी तुमचा मसुदा ऐकून घरी निघून जाईल. परिपत्रकाचा सारांश करायला बसण्याआधी त्याच्यानंतर सुधारणा निघाली आहे का, हे तालुक्याला विचारायचंच.

आता "घरात कोणी". सूचनेतलं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अठरा वर्षांखालची मुलं, बस्स. गावात घर म्हटलं की आईवडील, भाऊ, सुना, पुतणे सगळे आले. समजा सातबारा वडिलांच्या नावावर आहे आणि तिशीतला मुलगा जिल्हा परिषदेत कायम नोकरीला आहे. त्या नोकरीमुळे वडील बाद होत नाहीत. तुमच्या ओळीने ते बाद झाले.

सगळ्यात जास्त नुकसान नोकर आणि पेन्शनरच्या ओळीत आहे. मूळ मजकुरात दोन्ही कलमांच्या शेवटी कंसात अपवाद आहे: चतुर्थ श्रेणी, गट ड आणि मल्टी टास्किंग स्टाफ वगळून. थोडक्यात लिहिताना हात पहिल्यांदा कंसावरच पडतो, तसा तुमचाही पडला. पेन्शनरही सरसकट बाद नाहीत, महिना १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त पेन्शन असेल तरच. आणि निवृत्त शिपायाला ती दहा हजारांच्या वर मिळत असली तरी तो त्या पेन्शनमुळे बाद होत नाही. डॉक्टर, इंजिनिअर, वकील यांचंही तसंच. व्यावसायिक संस्थेकडे नोंदणी आणि प्रत्यक्ष व्यवसाय, दोन्ही लागतं. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन शेती करणारा त्यात येत नाही.

सरळमत

टिपण, एवढं सगळं सभेत कोण ऐकणार? लोक उभे असतात, मागे पोरं ओरडत असतात, माईक मधेच बंद पडतो. अशा ठिकाणी नियम सांगावा, अपवाद तलाठ्याने ज्याचा त्याला सांगावा. अपवाद जाहीर वाचले की प्रत्येक जण स्वतःला त्यात बसवतो. मग अपात्र माणसं अर्ज करतात, पैसे घेतात आणि पुढे वसुलीची नोटीस येते. आमच्या भागात अशा नोटिसा आलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि हप्ते एकदम परत करताना माणूस मेटाकुटीला येतो. पेन्शनचं तर सरळ आहे, दहा हजार किंवा वर म्हणजे बाद. रानवाट, मसुदा ठीक आहे, फक्त दोन हेक्टर काढा.

विहीरकाठ

माझं जरा वेगळं आहे. वडील २०२१ मध्ये वारले. त्यांचे हप्ते येत होते ते बंद झाले. वारस फेरफार झालाय, सातबारावर आईचं आणि माझं नाव लागलंय. ऑनलाइन केंद्रवाला म्हणतो, २०१९ नंतर नाव लागलं म्हणून बसत नाही. तक्रार कुठे करायची? वडिलांचंच खातं पुन्हा चालू करून मिळेल का?

टिपण

विहीरकाठ, वडिलांचं खातं चालू करायचा विचार सोडा. मृत्यूनंतरचे हप्ते त्या नावाने घ्यायचे नसतात, तेच पुढे वसुलीत येतं. पण केंद्रवाल्याने सांगितलेलं अर्धंच आहे. तारखेच्या अटीलाच अपवाद जोडलेला आहे. जमीनमालकाच्या मृत्यूमुळे वारसाकडे जमीन आली तर १ फेब्रुवारी २०१९ नंतरची नोंदही चालते. त्या तारखेनंतर खरेदी केली, बक्षीसपत्र केलं किंवा जिवंतपणी वाटणी केली, तर ती वेगळी गोष्ट. मृत्यूचा दाखला, फेरफार आणि नवा सातबारा घेऊन वारस म्हणून नवी नोंदणी करा. अडवलं तर तालुका कृषी कार्यालयात आणि तहसीलला लेखी द्या आणि पोच घ्या.

सरळमत, वसुलीचं तुमचं बरोबर आहे, ती ओळ सारांशात हवीच. पण पेन्शनचं तुम्ही जे सरळ म्हणताय तिथेच निवृत्त शिपाई पडला. आणि अपवाद तलाठी सांगेल म्हणता, तर तो सांगणार कोणाला? जो विचारायला येईल त्याला. सभेत "पेन्शनर बाद" ऐकलेला शिपाई विचारायला जाईलच कशाला?

दप्तर

मी ग्रामपंचायत अधिकारी आहे (धागाकर्त्यांच्या गावचा नाही). आम्ही शब्दशः वाचूया म्हणतो ते आळसाने नाही. सभेत जे वाचलं जातं ते इतिवृत्तात जातं. उद्या तहसीलने एखाद्याला अपात्र ठरवलं की तो इतिवृत्ताची नक्कल घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहतो, "तुम्हीच वाचलं होतं". सारांश लिहिणारा तेव्हा कुठेच नसतो. म्हणून माझा आग्रह असा की पूर्ण मराठी भाषांतर फलकावर लावा, आणि सारांश वाचायचाच असेल तर परिपत्रकाचा क्रमांक, तारीख आणि "मूळ सूचनाच ग्राह्य" ही ओळ सुरुवातीलाच घ्या.

माहेरवाशीण

दप्तर, क्रमांक आणि तारीख मान्य. पण "मूळ सूचनाच ग्राह्य" आधीच ऐकवलंत की लोक पुढचं मनावर घेत नाहीत. ती ओळ शेवटी घ्या.

मी बचत गटांच्या बैठकीत योजना समजावून सांगते. माझा अनुभव असा की नियम वाचून दाखवण्यापेक्षा प्रश्न विचारले तर माणूस आपलं आपण ताडून बघतो. परिपत्रकातला निम्मा भाग राज्याचा नोडल अधिकारी, निधी कसा वळता होणार, अहवाल कोण पाठवणार असा असतो. तो सभेला नको, सगळा गाळा. तिथे वाचलेली जागा अपवादांना द्या. असं काहीसं:

"जमीन तुमच्या नावावर १ फेब्रुवारी २०१९ ला होती का? किंवा त्यानंतर घरधनी वारल्यामुळे वारस म्हणून आली का? दोन्हीपैकी एक असेल तर पुढे ऐका. तुम्ही, तुमचा नवरा किंवा बायको, आणि अठराच्या आतली मुलं, एवढ्यांचाच विचार करा, मोठ्या मुलाची नोकरी धरू नका. यांच्यापैकी कोणी कायम सरकारी नोकरीत आहे किंवा होतं का? असेल तर लाभ नाही. पण शिपाई आणि बाकीचे वर्ग चारचे कर्मचारी असाल तर या कारणाने तुम्ही बाद होत नाही."

सरळमत

हे ऐकायला बरं वाटतं हे कबूल. तरी माझा मुद्दा कायम आहे. असं सगळं घेतलं तर एका पानाची दोन पानं होतील.

टिपण

होऊ देत. दोन पानं लागली तर दोन पानं. लांबी ठरवायची ती किती माणसं चुकून बाद होतात यावरून. माहेरवाशीण यांचा मसुदा उत्तम आहे, फक्त तारखेच्या ओळीला एक टाचणी लावतो. मूळ सूचनेत त्या तारखेनंतरचे बदल "पुढची पाच वर्षं" धरायचे नाहीत असं लिहिलं होतं. ती पाच वर्षं उलटली. म्हणून ही ओळ सभेत वाचण्याआधी आज काय लागू आहे ते तहसीलकडून लेखी घ्या. तोंडी नको, दप्तर यांना पुढे त्रास होतो तो याचाच.

ई-केवायसीची ओळ "करून घ्यावी" एवढ्यावर सोडू नका. आधारला जोडलेला मोबाइल असेल तर ओटीपीने घरूनच होते. नसेल तर सीएससी केंद्रात बोटाचे ठसे देऊन. मोबाइल ॲपवर चेहरा दाखवूनही होते, ज्या म्हाताऱ्यांचे ठसे उमटत नाहीत त्यांना तेच सोयीचं. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर ई-केवायसी होऊनही हप्ता अडकतो, हे वेगळ्या वाक्यात सांगा. लोक दोन्ही एकच समजतात.

रानवाट

सुधारित सूचना मागवल्या आहेत. प्रश्नांची मांडणी घेते. वसुलीची ओळ सुरुवातीला नको, भीतीने पात्र माणसंही मागे सरतील, म्हणून शेवटी ठेवणार आहे. आयकराची ओळ अशी केली: "मागच्या आकारणी वर्षात आयकर भरला असेल तर लाभ नाही." चालेल?

दप्तर

वसुली शेवटी नको. शेवटपर्यंत निम्मी सभा उठलेली असते. ज्याने ती ओळ ऐकली नाही तोच पुढे भांडायला येतो.

माहेरवाशीण

आयकराच्या ओळीत "रिटर्न" आणि "कर" वेगळे करा. आमच्या बायकांपैकी काहींच्या नवऱ्यांनी ट्रॅक्टरच्या कर्जासाठी रिटर्न भरलंय, कर एक रुपया नाही. "आयकर भरला का" विचारलं की ते "हो" म्हणतात.

टिपण

बरोबर. सूचनेत कर भरलेला माणूस बाद आहे, नुसतं रिटर्न दाखल करणारा नाही. "कर भरला असेल तर. नुसतं रिटर्न भरलं आणि कर शून्य असेल तर या कारणाने बाद नाही" असं लिहा.

विहीरकाठ

आणि टीडीएस कापला गेला आणि नंतर परत मिळाला तर? माझ्या चुलत्यांचं तसंच आहे.

टिपण

याचं उत्तर मी अंदाजाने देणार नाही आणि रानवाट यांनीही सारांशात घालू नये. तहसीलला तारखेबद्दल विचारणार आहात, त्याच पत्रात हाही प्रश्न घाला.

सरळमत

उत्तर सभेच्या आधी आलं नाही तर? कोणीतरी हे विचारणारच.

दप्तर

तर इतिवृत्तात "प्रश्न विचारला, तहसीलकडे मार्गदर्शन मागवले आहे" एवढंच येईल. सरपंचांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते माइक घेऊन स्वतःच उत्तर देतील.