पार्ट पेमेंटनंतर मुदत घटवावी की हप्ता?

रसिका: गृहकर्ज 30 लाखांचं, दर 9 टक्के, मुदत 20 वर्षं, हप्ता 26,992 रुपये. 36 हप्ते भरून झालेत. आता 3 लाख हाताशी आहेत. कर्ज देणारे विचारतात, मुदत कमी करू की हप्ता? कशात किती व्याज वाचेल?

विनायक: मुदत कमी करा. आज तुमची शिल्लक मुद्दल साधारण 28.15 लाख असेल, ती 25.15 लाखांवर येईल. हप्ता तोच ठेवलात तर उरलेल्या 204 ऐवजी 161 हप्त्यांत कर्ज फिटतं आणि पुढचं व्याज सुमारे 8.7 लाखांनी घटतं. मुदत तीच ठेवलीत तर हप्ता 24,115 होईल, पण व्याज 2.87 लाखच वाचेल.

माधव: मला नाही पटत. व्याज सुरुवातीलाच वसूल झालेलं असतं. तीन वर्षांत यांनी 9.7 लाख भरले, त्यातले जेमतेम 1.85 लाख मुद्दलात गेले. मलई त्यांनी खाल्ली, आता पैसे टाकून काय उपयोग?

विनायक: माधवराव, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकतोय. आगाऊ काहीच वसूल होत नाही. दर महिन्याला त्या वेळच्या शिलकीवर 0.75 टक्का व्याज लागतं. सुरुवातीला शिल्लक मोठी म्हणून व्याज मोठं, इतकंच. 3 लाख आज भरा नाहीतर दहा वर्षं झाल्यावर, पुढच्या महिन्याचं व्याज 2,250 रुपयांनीच कमी होणार. फरक पडतो तो पुढे किती काळ उरलाय याने. हेच 3 लाख 120 हप्त्यांनंतर भरले तर जवळपास 25 हप्ते कमी होतात आणि 3.7 लाख वाचतात. म्हणजे उशिरा भरूनही वाचतं, पण आजच्या निम्म्याहून कमी.

शलाका: माझ्या बाबतीत उलटंच झालं. मोठी रक्कम भरली, पुढच्या महिन्यात हप्ता तोच, मुदतही तीच! रक्कम गेली तरी कुठे?

विनायक: तुमची रक्कम बहुधा आगाऊ हप्ते म्हणून पडून आहे, मुद्दलात वळती झालेली नाही. खात्याचा उतारा काढा आणि पुढच्या हप्त्यातला व्याजाचा भाग बघा. रसिकाताईंच्या उदाहरणात तो 21,114 वरून 18,864 वर यायला हवा आणि मुद्दलाचा भाग 5,878 वरून 8,128 वर जायला हवा. तसं नसेल तर लेखी अर्ज द्या, ‘रक्कम मुद्दलात वळती करा, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा’ असं स्पष्ट लिहा आणि परतफेडीचं नवं वेळापत्रक मागून घ्या. तोंडी सांगण्यावर विसंबू नका.

निखिल: विनायकजी, 8.7 आणि 2.87 समोरासमोर ठेवून लोकांची दिशाभूल होते, हे मला खटकतं. पहिल्या पर्यायात माणूस दरमहा 2,876 रुपये जास्त भरतोय, तेही 13 वर्षांहून अधिक काळ. म्हणून व्याज जास्त वाचतं. दोन्हींत 3 लाखांवर मिळणारा लाभ तोच, वर्षाला 9 टक्के. रसिका, हप्ता कमी करून घ्या आणि सुटणारे 2,876 दर महिन्याला परत मुद्दलात भरा, कर्ज तितक्याच हप्त्यांत संपेल. शिवाय एखाद्या वर्षी पगार थांबला तर सक्तीचा हप्ता लहान असेल. मुदत कमी केल्यावर ‘मी आधी जास्त भरलेत, आता दोन हप्ते सोडा’ असं कुणी ऐकत नाही.

विनायक: गणित मान्य. पण दरमहा एवढी छोटी रक्कम स्वीकारतात का, हे आधी बघावं लागेल. अनेक ठिकाणी किमान रकमेची अट असते. आणि ते 2,876 खर्चात विरघळतात. माणसाचा स्वभाव तुम्ही हिशेबात धरत नाही.

निखिल: आणि तुम्ही नोकरी जाण्याची शक्यता धरत नाही. या 3 लाखांत आणीबाणीचा पैसा आहे की नाही, हे रसिकांनी सांगितलेलंच नाही.

माधव: आणि दर बदलता असेल तर? मधेच वाढला तर ते अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. 161 हप्त्यांचा आकडा मग कुठे टिकतो?

विनायक: तंतोतंत नाही टिकत, हे खरं. पण शिल्लक 3 लाखांनी कमी असल्याने वाढीव दराचा भारही कमी शिलकीवर पडतो.

रसिका: दर बदलताच आहे. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवूनच हे 3 लाख उरलेत. मुदतीकडे कल आहे, पण निखिल म्हणतात ते दरमहा भरणं आमच्याकडे चालतं का, हे विचारून मग अर्ज देते.