मदत हवी आहे: ऑनलाइन कोर्सच्या ३० सेकंदांच्या जाहिरातीची स्क्रिप्ट

जयगडचावारा: रत्नागिरीत आमचा छोटा क्लास आहे. बी.कॉम. झालेल्यांसाठी टॅली आणि जीएसटी रिटर्नचा ऑनलाइन कोर्स चालवतो. इन्स्टावरची जाहिरात अशी सुरू होते: ‘पदवीधर आहात? नोकरी शोधताय? १०० टक्के नोकरीची हमी!’ शेवटी ‘फोन करा, वेबसाइट बघा, फॉर्म भरा’. लोक तीन सेकंदांत पुढे सरकतात. पहिल्या बॅचमध्ये २४ जण होते, १८ जणांनी कोर्स पुरा केला, ११ जणांना नोकरी लागली. काय बदलू?

कॉपीवाली_चिपळूण: आधी हमी काढा. ती तुम्ही देऊच शकत नाही, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४ च्या कोचिंगविषयक मार्गदर्शक तत्त्वांत असले दावे बसत नाहीत. सुरुवात त्यांच्या अडचणीतून करा: ‘मुलाखतीत म्हणाले, टॅलीत खरेदीची एंट्री करून दाखवा. आणि हात थांबला?’ मग लगेच स्क्रीनवर तुमची विद्यार्थिनी तीच एंट्री करताना दिसू दे. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून वाक्यं पडद्यावरही हवीत. ३० सेकंदांत साठ-सत्तर शब्दच नीट बोलता येतात, त्यामुळे क्लासचा इतिहास नको.

पिंट्या_दापोली: पुरावा म्हणजे ऑफर लेटर! पगाराच्या आकड्यासकट दाखवा, आणि १८ पैकी ११ लिहा, जास्त भारी दिसतं.

कॉपीवाली_चिपळूण: पुरावा हवा हे बरोबर, पण २४ पैकी ११ असंच लिहा. सोडून गेलेल्या सहा जणांना वगळलंत तर कमेंटमध्ये त्यांच्यातलाच एखादा येऊन सांगेल. ऑफर लेटर मोबाइलवर वाचता येत नाही, वर कंपनीचा तपशील उघडा पडतो. त्यापेक्षा नोकरीला लागलेलीने स्वतः सांगावं: ‘मी आता रोज बिलं चढवते, महिनाअखेरीला रिटर्नची तयारी करते.’ तिची लेखी संमती नोकरी लागल्यानंतर घ्या, प्रवेशाच्या फॉर्मवरची सही चालत नाही.

मालवणी_मामा: माझ्या भाच्याक टॅली येता, पण घराकडे रेंज नाय. तुमचो कोर्स डाउनलोड होता काय? फी किती?

जयगडचावारा: मामा, रेकॉर्डिंग डाउनलोड होतं. फीचं मेसेजमध्ये सांगतो.

कॉपीवाली_चिपळूण: बघा, मामांचा प्रश्नच जाहिरातीत हवा: ‘रेंज नसली तरी धडा डाउनलोड करून बघा.’ आणि शेवटी एकच काम सांगा: ‘व्हॉट्सॲपवर “टॅली” लिहून पाठवा, पहिला धडा मोफत मिळेल.’ फोन, वेबसाइट, फॉर्म तिन्ही सांगितलंत की माणूस ‘नंतर बघू’ म्हणतो. पण मेसेजला लगेच उत्तर जाईल अशी सोय आधी करा, रात्री आलेला मेसेज सकाळपर्यंत थंड पडतो.

जयगडचावारा: पटलं. पण फी जाहिरातीतच सांगू का?

पिंट्या_दापोली: नको, आकडा बघून पळतील.

कॉपीवाली_चिपळूण: पळणारे आधीच पळाले तर तुमचा वेळ वाचेल, असं माझं मत. पण पैज लावणार नाही. एक फीसकट, एक फीशिवाय, दोन्ही आठवडाभर चालवा. मेसेज किती आले ते नका मोजू, पहिला धडा बघून प्रवेश किती जणांनी घेतला ते मोजा.